खोली बदलून मिळणेबाबत

हॉस्टेलचा रेक्टर म्हणून दरवर्षी ज्या अर्जांचा गठ्ठा माझ्या टेबलावर येतो, त्यात प्रथम वर्षाच्या मुलांचे खोली बदलण्याचे अर्ज सगळ्यात जास्त असतात. कारणं ठरलेली. खोलीत ओल येते, पार्टनरशी पटत नाही, गावचा मित्र दुसऱ्या मजल्यावर आहे, पंखा फिरत नाही. आणि हमखास एक-दोन अर्ज आवाजाचे. आवाजाचा अर्ज मी बाजूला काढून आधी वाचतो. त्याला कारण आहे. ओल दाखवता येते, मोडका पंखा दाखवता येतो. आवाज मात्र रात्री दोन वाजता होतो आणि अर्ज सकाळी अकरा वाजता ऑफिसात येतो. तेव्हा सगळीकडे शांतता असते, नि अर्जदार उगाच कुरकुर करतोय असं वाटायला लागतं.

मी स्वतः हॉस्टेलात राहायला गेलो तो 1987 साली. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, तीन जणांची खोली, खिडकीकडची कॉट आधी आलेल्याची, दाराकडची शेवटी आलेल्याची. मी शेवटी आलेला. माझ्या उशाच्या भिंतीपलीकडे कॉमन रूम होती. एक टीव्ही, दोन कॅरम, एक टेबल टेनिसचं टेबल आणि तिथून न हलणारी पंचवीस-तीस मुलं. त्या ऑक्टोबरमध्ये रिलायन्स वर्ल्ड कप आला. 31 ऑक्टोबरला नागपूरला गावसकरनं वन-डेतलं आपलं एकमेव शतक ठोकलं आणि त्याच सामन्यात चेतन शर्मानं हॅटट्रिक घेतली, तेव्हा कॉमन रूममधून जो गलका उठला त्यानं आमच्या खोलीतला चुना खाली आला असं आम्ही पुढे चार वर्षं सांगत होतो. चुना आधीच सुटलेला होता, ते सोडा. रविवारी सकाळी ‘रामायण’. तेव्हा मेसचा महाराज, शिपाईमामा, शेजारच्या क्वार्टर्समधल्या बायकापोरंही येऊन बसायची. पण सामना आणि मालिका यांचा त्रास नव्हताच, कारण तेव्हा मीही त्या गर्दीत असायचो. छळ व्हायचा तो टेबल टेनिसचा. रात्री साडेअकरानंतर टक-टक, टक-टक, मग चेंडू हरवला की शांतता, आणि डोळा लागतोय तोवर परत टक.

अर्ज करायचं ठरलं. त्या काळी अर्ज म्हणजे फुलस्केप कागद, डावीकडे घडी घालून सोडलेला समास आणि शाईचं पेन. बॉलपेननं लिहिलेला अर्ज भाऊसाहेब घ्यायचे नाहीत अशी वदंता होती. मजकूर सीनिअर सांगायचे. प्रति, माननीय रेक्टर साहेब. विषय, खोली बदलून मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की. यापुढे खरी अडचण असायची, कारण कॉमन रूममध्ये रात्री खेळणारे सगळे तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचे होते. पहिल्या वर्षाच्या पोरानं त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणजे काय, हे आम्हाला पहिल्या आठवड्यातच नीट समजावण्यात आलं होतं. अर्ज रेक्टरांकडे जाण्याआधी जी. एस.च्या हातातून जायचा आणि जी. एस. स्वतः टेबल टेनिसमधला चँपियन. म्हणून मग अर्जात आवाज आलाच नाही. ‘अभ्यासात व्यत्यय येत असल्याने’ एवढंच लिहिलं. कसला व्यत्यय, कुणाचा, किती वाजता, काहीही नाही. आजचा मी तो अर्ज वाचला असता तर त्यावर काहीच करू शकलो नसतो.

तेव्हाच्या रेक्टरांनीही काही केलं नाही. भाऊसाहेबांनी आवक बारनिशीत नोंद केली, शिक्का मारून आवक क्रमांक टाकला, आणि चार दिवसांनी अर्जाच्या समासात लाल शाईत शेरा आला: ‘जागा नाही. प्रवेश पूर्ण झाल्यावर पाहू.’ हा शेरा टाळण्यासाठीचा वाटतो, पण तो खरा होता. इंजिनिअरिंगला नाव घातलेली दोन-चार मुलं मेडिकलची यादी लागली की सामान बांधून निघून जायची. ती गेल्याशिवाय कुठली कॉट रिकामी आहे हे कुणालाच ठाऊक नसायचं. आज सीईटी कक्षाच्या कॅप फेऱ्या असतात, पहिल्या फेरीत आमच्याकडे आलेला मुलगा पुढच्या फेरीत चांगलं कॉलेज मिळालं की जातो. नावं बदलली, पण खोल्यांचा हिशेब शेवटची फेरी होईपर्यंत लागत नाही तो नाहीच. म्हणून आजही मी ऑगस्टमध्ये आलेल्या अर्जावर जवळजवळ तेच लिहितो, फक्त लाल शाईत नाही.

माझं काम झालं ते मेसमध्ये. दुसऱ्या मजल्यावरचा एक पंढरपूरकडचा मुलगा कॅरमचा वेडा होता. त्याला कॉमन रूमशेजारची खोली मिळाली तर हवीच होती. मग दोघांनी मिळून ‘परस्पर संमतीने खोली अदलाबदल’ असा दुसरा अर्ज केला. त्यावर आम्हा दोघांच्या, आणि दोन्ही खोल्यांमधल्या उरलेल्या चौघांच्याही सह्या. ही सह्यांची अट फार शहाणपणाची होती. पार्टनर बदलतोय हे उरलेल्यांना आधी कळायचं आणि त्यांना नको असेल तर तिथंच कळायचं. मग शिपाईमामांनी कॉट, टेबल, खुर्ची आणि पंख्याचा रेग्युलेटर यांची यादी दोन्ही खोल्यांत ताडून पाहिली, कारण रेग्युलेटर हा त्या काळी सगळ्यात जास्त गायब होणारा ऐवज. ट्रंक आणि वळकटी डोक्यावर घेऊन जिना चढलो, की झालं. अर्जावर मंजुरीची सही नंतर आली. सगळं आधी माणसांत ठरायचं आणि कागद मागाहून ठरलेल्यावर शिक्का मारायचा.

आता अर्ज मोबाइलवर येतो. हॉस्टेलच्या पोर्टलवर फॉर्म आहे, त्यात कारणांची यादी खाली उघडते, त्यातलं एक निवडायचं, दोनशे अक्षरांत तपशील लिहायचा, हवं तर फोटो जोडायचा. अर्ज गेला की तिकीट क्रमांक येतो. भाऊसाहेब आहेत, पण बारनिशी नाही. जी. एस.च्या हातातून अर्ज जाण्याचा प्रश्नच उरला नाही आणि त्यात फार मोठा फरक पडला, हे मान्य केलं पाहिजे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 सालचा. 2009 साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले, तेव्हापासून पहिल्या वर्षाच्या मुलांना शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवतात. आमच्याकडेही त्यांचा ब्लॉक वेगळा आहे. आज पहिल्या वर्षाच्या पोराला आवाजाचा त्रास झाला तर तो करणारा बहुतेक वेळा त्याच्याच वर्गातला असतो, आणि त्याचं नाव लिहायला तो कचरत नाही. रात्री एक वाजता शेजारच्या खोलीत चौघे मोबाइलवर गेम खेळत ओरडतात, असं सरळ लिहिलेलं असतं. हे अर्ज मला सोपे जातात. वॉर्डननं दोन रात्री चक्कर मारली की मिटतं.

गेल्या पावसाळ्यात आलेला एक अर्ज मात्र तसा नव्हता. तळमजल्यावरच्या कोपऱ्याच्या खोलीतला मुलगा, साताऱ्याच्या पुढचा. लिहिलं होतं, ‘खोलीशेजारी सतत आवाज येतो, रात्री झोप लागत नाही, खोली बदलून मिळावी.’ फोटोच्या जागी त्यानं मोबाइलवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपचं चित्र जोडलं होतं, त्यावर आकडा 46. मी त्याला बोलावून घेतलं.

“कसला आवाज?”

“सर, नक्की सांगता येत नाही. घरघर होते. मग एकदम दणका बसतो भिंतीत. कुणीतरी घण मारल्यासारखा.”

“किती वाजता?”

“रात्रभर असतो सर.”

“रात्रभर म्हणजे? दहाला, बाराला, तीनला?”

तो गप्प. सतत आवाज असं ज्याला वाटतं तो आवाज बहुधा सतत नसतो, हे मला इतक्या वर्षांत कळलंय. सतत चालणाऱ्या आवाजाची कानाला सवय होते, पंख्याखाली आपण झोपतोच की. झोप मोडते ती थांबून थांबून येणाऱ्या आवाजानं, कारण दोन आवाजांच्या मधला वेळ आपण पुढच्या आवाजाची वाट पाहण्यात घालवतो. माझं टेबल टेनिस आठवा. म्हणून त्याला सांगितलं, आठवडाभर उशाशी वही ठेव. जाग आली की फक्त वेळ लिही, आणि घरघर होती की दणका, एवढंच. मोबाइल बघायचा तो वेळेपुरता, ॲप उघडू नकोस.

ॲपचा आकडा मी का बाजूला ठेवला तेही सांगतो. मोबाइलचा माइक माणसाचं बोलणं टिपण्यासाठी असतो. हळू आवाजाला तो किती दाखवील याचा भरवसा नाही, दोन फोन शेजारी ठेवले तर दोन आकडे येतात. आणि आकडा खरा मानला तरी तो कशाशी ताडायचा? ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. त्यांत शैक्षणिक संस्थेभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झाला असेल, तर रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा 40 डेसिबल. निवासी भागात 45. पण ही मर्यादा बाहेरच्या परिसराची आहे आणि ती सरासरीची आहे. सरासरी म्हटलं की दणका हरवतो. समजा खोलीत एरवी 35 डेसिबलची शांतता आहे आणि आठ तासांच्या रात्रीत 75 डेसिबलचे, एकेक सेकंदाचे चार दणके बसले. सगळ्या रात्रीची सरासरी काढली तर ती 39च्या आसपास येते. म्हणजे नियमात बसलं! आणि पोरगं चार वेळा दचकून उठलं. जागतिक आरोग्य संघटनेनं 1999 सालच्या शिफारशींत झोपण्याच्या खोलीसाठी दोन वेगळे आकडे दिले होते, सलग आवाजाला 30 आणि एकट्या दणक्याला 45, ते याच कारणानं.

आठवड्यानं वही आली. अक्षर झोपेतलं होतं, पण तक्ता स्वच्छ दिसत होता. रोज रात्री साडेअकरानंतर दर दीड-पावणेदोन तासांनी पाच-सहा मिनिटं घरघर, आणि ती थांबली की लगेच एक दणका. ज्या आवाजाला असं वेळापत्रक असतं तो माणसांचा नसतो. कोपऱ्याच्या खोलीमागे पंपघर आहे. जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप तिथे बसवलेला, आणि वर जाणारा लोखंडी पाइप त्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी घट्ट आवळलेला.

इथे मला आमचे पंपवाले काका आठवले. 1987 साली पंपही होता आणि पंपघरही होतं, पण त्याचा अर्ज कधी कुणी केल्याचं मला स्मरत नाही. काका रात्री नवाच्या सुमारास सायकलवरून यायचे, पंप चालू करायचे, दाराशी बसून बिडी ओढायचे. गच्चीवरची टाकी भरली की ओव्हरफ्लोचं पाणी मागच्या बाजूला पडायचं, त्या आवाजावर ते उठायचे. बटण दाबण्याआधी ते पंपाच्या वरचा मोठा व्हॉल्व्ह चाक फिरवत फिरवत जवळजवळ बंद करायचे, मग पंप थांबवायचे. ते असं का करतात हे आम्ही इंजिनिअरिंगची पोरं असूनही कधी विचारलं नाही. पुढे तिसऱ्या वर्षाला द्रवयांत्रिकी शिकताना कळलं. पंप एकदम थांबला की चार मजले चढलेला पाण्याचा स्तंभ उलटा खाली येतो. त्याला अडवायला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, त्याची झडप त्या उलट्या पाण्याच्या जोरानं आपटून बंद होते. त्या आपटण्यानं पाण्यात जो दाबाचा धक्का उठतो त्याला वॉटर हॅमर म्हणतात. आधी व्हॉल्व्ह हळूहळू मिटवला तर स्तंभ उलटायला जागाच राहत नाही आणि झडप अलगद बसते.

काका निवृत्त झाल्यावर त्यांची जागा भरली गेली नाही. आता पंपावर स्वयंचलित पॅनेल आहे. टाकीत दोन सेन्सर, पाणी खालच्याच्या खाली गेलं की पंप सुरू, वरच्याला टेकलं की बंद. सुरू होणं आणि बंद होणं दोन्ही एका क्षणात. चाक फिरवणारा हात नाही, म्हणून दर वेळी दणका. शिवाय बसवणाऱ्यानं दोन सेन्सरमध्ये जेमतेम वीतभर अंतर ठेवलं होतं. टाकी दहा हजार लिटरची, दोन मीटर उंच, तेव्हा वीतभर म्हणजे हजार लिटर. हजार लिटर खर्च झालं की पंप चालणार. दिवसा हे कुणाच्या लक्षात येत नाही.

पण रात्री साडेअकरानंतर पाणी वापरतो कोण? दोनशे मुलांच्या ब्लॉकला माणशी 135 लिटरप्रमाणे दिवसाला 27 हजार लिटर लागतं, हे धरून टाकी बांधलेली. त्यातलं बरंचसं सकाळच्या तीन तासांत संपतं. रात्री मुलं झोपलेली नसतात हे खरं, तरी दर दीड-पावणेदोन तासांना हजार लिटर म्हणजे तासाला सहाशे. एवढ्या अंघोळी रात्री दोनला कुणी करत नाही. म्हणून वॉर्डनला घेऊन एकदा मध्यरात्रीनंतर तिन्ही वरच्या मजल्यांची संडासं पाहिली. फ्लशच्या टाक्यांच्या आतल्या रबरी झडपा झिजलेल्या, आणि भांड्यात पाण्याची बारीक धार अखंड चाललेली. अशी धार मिनिटाला लिटरभर सहज नेते. दहाएक टाक्या तशा निघाल्या. गणित साधारण जुळलं. टाकीत रंगाचे दोन थेंब टाकून बघायची जुनी युक्तीही केली, फ्लश न करता भांड्यात रंग उतरला की झडप गळते.

म्हणजे पोराची झोप मोडत होती ती वरच्या मजल्यांवरच्या गळक्या फ्लशनं. आता विचार करा, मी त्याला खोली बदलून दिली असती तर काय झालं असतं? शेवटच्या फेरीनंतर त्याला दुसरीकडे कॉट मिळाली असती, त्या कोपऱ्यात शेवटच्या फेरीत आलेला कुणीतरी गेला असता, आणि महिन्याभरात त्याचा अर्ज आला असता. मी भाऊसाहेबांकडून जुने अर्ज मागवले. पोर्टलवर खोली क्रमांकाप्रमाणे शोधता येतं, ही सोय बारनिशीत कधीच नव्हती. पॅनेल बसल्यापासून त्या एका खोलीतून दरवर्षी कुणी ना कुणी बाहेर पडलेलं. कारणांच्या रकान्यात कधी पार्टनर, कधी तब्येत, एकदा वास्तुशास्त्र! दणक्याचं नाव कुणी घेतलेलं नव्हतं. काय आवाज येतो हे त्यांना सांगता आलं नसावं, किंवा ते सांगण्यासारखं कारण वाटलं नसावं. या पोरानं निदान ‘आवाज’ लिहिला, एवढ्यावरून पुढचं उलगडलं.

काम करायला पंधरवडा गेला, कारण प्लंबर सरकारी दरपत्रकानं येतो. फ्लशच्या झडपा बदलल्या. सेन्सर लांब केले, आता मधे चार हजार लिटर मावतात. पॅनेलला टायमर लावला, रात्री साडेदहाला टाकी काठोकाठ भरायची आणि मग पाचपर्यंत पंप बंद. इथे एक सांगून ठेवतो, कुणी आपल्या सोसायटीत हे करणार असेल तर. गळती थांबवल्याशिवाय नुसता टायमर लावू नये. रात्रभर टाकी गळत राहते आणि पहाटे पाचला, नेमकी पहिली अंघोळीची झुंबड असते तेव्हा, ती बरीच रिकामी झालेली असते. मग रेक्टरच्या दाराशी जी गर्दी होते तिचा आवाज कुठल्याही पंपापेक्षा मोठा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही बदलला, जुन्याची झडप सैल झाली होती. नवा स्प्रिंगवाला आहे, त्याची झडप पाणी उलटायच्या आतच मिटते.

मुलगा येऊन सांगून गेला, दणका गेला, रात्री झोप लागते. खोली बदलायची नाही म्हणाला, पार्टनर चांगला आहे. मी पोर्टलवर तिकीट बंद करायला गेलो तर तिथे दोनच पर्याय: ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’. अडचण दूर झाली, बदलाची गरज उरली नाही, असा पर्यायच नाही. लाल शाईच्या समासात ते दोन ओळींत लिहिता आलं असतं. मंजूर केलं तर यंत्रणा त्याला नवी कॉट देऊन टाकणार, म्हणून नामंजूर दाबलं. त्याच क्षणी त्याच्या वडिलांच्या मोबाइलवर संदेश गेला, की आपल्या पाल्याचा अर्ज नामंजूर करण्यात आला आहे.

माझ्या वेळी वडिलांना हे कळलंच नसतं. महिन्याला एक आंतरदेशीय पत्र जायचं, त्यात ‘येथील सर्व क्षेम’ याखेरीज काही लिहायचा रिवाज नव्हता. या वडिलांचा फोन दुपारी आला.

“साहेब, पोराचा अर्ज फेटाळला म्हणं. काही चुकलं का त्याचं?”

मी म्हटलं, “नाही हो, उलट त्याच्यामुळे आमचं काम झालं.” आणि सगळं सांगितलं. पंप, फ्लश, झडप. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, “एनआरव्ही बदलला ते बरं केलं. पाइप भिंतीला कशानं धरलाय?”

“लोखंडी पट्ट्या आहेत.”

“थेट भिंतीत ठोकल्यात? मग पहाटं पाचला पंप लागला की घरघर येतच असंल त्याला. पोरगं सांगणार न्हाई आता, लाजल. आमची नदीवरची लिफ्ट हाय, मोटर घराच्या भिंतीला. पट्टीखाली जुन्या ट्यूबचं रबर घालतो आम्ही. पट्टी सैल करायची, रबर गुंडाळायचं, परत आवळायची. पण लई आवळायची न्हाई, रबर चेपलं की संपलं.”

मुलाला बोलावून विचारलं. घरघर येते का पहाटे? येते म्हणाला, पण तेवढी चालते सर. पंपाची कंपनं पाइपातून पट्टीत आणि पट्टीतून भिंतीत जातात, हवेतून येणारा आवाज त्या मानानं थोडा असतो, म्हणून खिडकी लावून घेतली तरी फरक पडत नव्हता. पाठ्यपुस्तकात यालाच कंपन-अलगाव म्हणतात आणि त्याचं गणित मी स्वतः शिकवतो. सायकलवाल्याकडून ट्रकची फाटकी ट्यूब आणली, शिपायानं कात्रीनं पट्ट्या कापल्या, सहा जागी रबर घातलं. पंपाखालच्या चौथऱ्याला अजून घालायचं आहे. त्यासाठी पंप उचलावा लागेल आणि तो दिवाळीच्या सुट्टीत ब्लॉक रिकामा असतानाच उचलता येतो. तसं वडिलांना कळवलं. तेव्हा त्यांनी आणखी एक विचारलं, चौथरा जमिनीला जोडून ओतलाय की सुटा आहे? ते बघायला म्हणून मी पुन्हा पंपघरात गेलो.